वॉरंटी कुणी पाळायची: विकणाऱ्याने की कंपनीने?

*गेल्या वर्षी दसऱ्याच्या सेलमध्ये मुलासाठी एका मोठ्या ॲपवरून लॅपटॉप घेतला, ५२,९९० रुपयांना. बिल २६ सप्टेंबरचं आहे आणि पानावर ‘एक वर्ष कंपनी वॉरंटी’ असं स्पष्ट होतं. या जूनमध्ये स्क्रीनवर उभ्या रेषा आल्या आणि चार दिवसांत स्क्रीन काळी पडली. घाटकोपरच्या सर्व्हिस सेंटरला नेला, तर त्यांनी नंबर टाकून सांगितलं की वॉरंटी एप्रिलमध्येच संपली, पॅनेलचे ११,८०० लागतील. ॲपवाले म्हणतात सात दिवस उलटले, ब्रँडशी बोला. विकणारा दिल्लीकडचा कुणीतरी आहे, तो फोनच उचलत नाही. आम्ही नक्की कुणाच्या मागे लागायचं? मुलगा तर म्हणतो, सोड आई, लॅमिंग्टन रोडला नेऊन बसवून घेऊ.*
*– एक वाचक, मुलुंड पूर्व*

ताई, नमस्कार.

आधी मुलाला थांबवा. लॅपटॉप अजून कुणीही उघडू नये. लॅमिंग्टन रोडवर उत्तम कारागीर आहेत, प्रश्न त्यांच्या हाताचा नाही. बाहेरच्या कुणी मागचं झाकण खोललं की सर्व्हिस सेंटरला जॉबशीटवर ‘बाहेर उघडलेला आहे’ असं लिहायला कारण मिळतं. मग आज जो फक्त तारखेचा वाद आहे, तो मोडतोडीचा वाद होऊन बसतो आणि तो तुम्हाला फार जड जाईल.

कॉलेजचं काम अडलं असेल तर एचडीएमआय केबलने लॅपटॉप घरच्या टीव्हीला जोडून पाहा. टीव्हीवर चित्र स्वच्छ आलं तर काम चालू राहील, शिवाय बिघाड पॅनेलचा किंवा त्याच्या केबलचा आहे, मदरबोर्डचा नाही, हेही बहुतेक कळेल. लॅपटॉपची काळी स्क्रीन आणि टीव्हीवरचं चित्र एकाच वेळी दिसेल असा छोटा व्हिडिओ काढा. त्यातच स्क्रीन, तिच्या कडा आणि बिजागरी जवळून दाखवा. कुठे तडा नाही, दाबल्याची खूण नाही, पाणी सांडल्याचा डाग नाही, हे आज नोंदवलेलं उद्या उपयोगी पडतं.

आता तुमचा मुख्य प्रश्न. जबाबदारी दोघांचीही आहे, पण दोघांची कारणं वेगळी आहेत, आणि तुमच्या बाबतीत कोण किती जबाबदार हे त्या एप्रिलच्या तारखेवर ठरणार आहे.

वॉरंटी म्हणजे कंपनीने स्वतः दिलेलं लेखी वचन. किती काळ, कोणते भाग, कोणत्या अटींवर, हे बॉक्समधल्या कार्डावर किंवा तिच्या संकेतस्थळावर लिहिलेलं असतं. ते पाळणं कंपनीचं काम, आणि सर्व्हिस सेंटर तिच्या वतीनेच बसलेलं असतं. विकणाऱ्याची गोष्ट निराळी. पैसे तुम्ही त्याला दिलेत, बिल त्याच्या नावाचं आहे, म्हणजे खरेदीचा करार त्याच्याशी झालेला आहे. धंदा म्हणून माल विकणाऱ्याने तो विकण्याजोग्या दर्जाचाच दिला पाहिजे, हे १९३० च्या माल विक्री कायद्याच्या कलम १६ मध्ये गृहीतच धरलेलं आहे. त्यावर २०२० चे ई-कॉमर्स नियम आले. त्यातला नियम ६ सांगतो की माल सदोष किंवा बनावट निघाला, किंवा जाहिरातीत सांगितल्यासारखा नसला, तर विकणाऱ्याला तो परत घ्यायला किंवा पैसे परत करायला नकार देता येत नाही. ‘मी फक्त विकलं, वॉरंटी कंपनीची’ एवढं म्हणून तो सुटत नाही.

तरीही एक गोष्ट आधीच सांगतो, म्हणजे अपेक्षा योग्य ठिकाणी राहील. आठ-नऊ महिने नीट चाललेल्या लॅपटॉपचे पूर्ण पैसे पहिल्याच पत्रात मागितलेत तर प्रकरण पुढे सरकणार नाही. वॉरंटीचं वचन दुरुस्तीचं असतं. दुरुस्ती नाकारली, किंवा पुन्हा पुन्हा करूनही तोच बिघाड येत राहिला, तर पैसे परत मागण्याला वजन येतं. आज तुमची मागणी एवढीच ठेवा: पॅनेल फुकट बदलून द्या.

आता त्या तारखेकडे या. तुमच्या बिलाप्रमाणे वॉरंटी २५ सप्टेंबरपर्यंत आहे आणि सर्व्हिस सेंटरच्या संगणकावर ती एप्रिलमध्ये संपली आहे. म्हणजे कंपनीच्या नोंदीत ती तुमच्या खरेदीच्या पाच महिने आधीच सुरू झाली होती. असं साधारण तीन कारणांनी होतं.

पहिलं कारण अगदी निरुपद्रवी आणि सगळ्यांत जास्त आढळणारं आहे. लॅपटॉप ग्राहकाच्या हाती कधी पडला हे कंपनीला आपोआप कळत नाही. त्यामुळे काही कंपन्या माल वितरकाकडे रवाना झाल्याच्या तारखेपासून अंदाजाने वॉरंटी मोजायला लागतात. माल गोदामात पडून राहिला की तेवढे महिने तुमच्या वॉरंटीतून कापलेले दिसतात. बिल दाखवलं की ही तारीख दुरुस्त होते. मात्र काउंटरवरचा मुलगा स्वतःहून ते सांगत नाही, कारण दुरुस्ती त्याच्या हातात नसते. ती कंपनीच्या ग्राहक सेवेकडून होते.

दुसरं कारण, लॅपटॉप तुमच्याआधी कुणाच्या तरी नावावर नोंदला गेला होता. परत आलेला किंवा दुरुस्त केलेला माल नवा म्हणून विकला गेला असेल तर असं होतं. तिसरं कारण, तो भारतासाठी आणलेल्या मालातला नाहीच, कुणीतरी बाहेरून आणून विकला. या दोन्हींत दोष विकणाऱ्याकडे सरकतो, कारण ‘नवा, एक वर्ष कंपनी वॉरंटीसह’ हे त्याने पानावर लिहिलं होतं आणि ते खरं नव्हतं.

यातलं कोणतं कारण तुमचं, हे बरंचसं घरीच तपासता येतं. बॉक्स टाकला नसेल अशी आशा करतो, मुंबईच्या घरात जागेसाठी पहिला बळी बॉक्सचाच जातो. बॉक्सवर एक पांढरं छापील लेबल असतं. त्यावर उत्पादक किंवा आयातदाराचं नाव-पत्ता, एमआरपी, ग्राहक सेवेचा क्रमांक आणि महिना-वर्ष असतं. वैधमापनशास्त्राच्या पॅकबंद वस्तूंच्या नियमांनुसार ही माहिती छापावीच लागते. आयातदार म्हणून त्या ब्रँडचीच भारतातली कंपनी असेल तर माल अधिकृत मार्गाने आलेला आहे, असं मानायला हरकत नाही. असं लेबलच नसेल, किंवा भलत्याच ट्रेडिंग कंपनीचं नाव वर चिकटवलेलं असेल, तर तिसऱ्या कारणाचा संशय घ्या. लेबलवरचा महिनाही पाहा. तो गेल्या वर्षीच्या मार्च-एप्रिलच्या आसपासचा असेल तर पहिलं कारण जवळजवळ पक्कं झालं.

मग सिरीयल नंबर जुळवा. तो चार ठिकाणी असू शकतो: बॉक्सवर, लॅपटॉपच्या पोटाखाली, बिलावर आणि खुद्द यंत्राच्या आत. आतला पाहायला टीव्हीला जोडलेल्या अवस्थेत विंडोजमध्ये पॉवरशेल उघडून मुलाला हे टाकायला सांगा:

```
Get-CimInstance Win32_BIOS | Select-Object SerialNumber
```

चारही नंबर एकच आले तर उत्तम. पोटाखालचा आणि आतला नंबर वेगळा निघाला तर खालचं झाकण किंवा मदरबोर्ड आधी कधीतरी बदललेला असू शकतो, आणि मग दुसरं कारण गंभीरपणे घ्यावं लागेल. बिलावर सिरीयल नंबरच नाही असंही पुष्कळदा होतं. तसं असेल तर बिल आणि यंत्र यांना जोडणारा पुरावा म्हणजे बॉक्स, म्हणून तो आता सांभाळून ठेवा.

एवढं झालं की पुन्हा घाटकोपरला जा, पण यावेळी तोंडी उत्तर घेऊन परतू नका. लॅपटॉप जमा करायला द्या आणि जॉबशीट मागा. त्यावर तक्रार काय, बाहेरून अवस्था कशी आणि वॉरंटी का नाकारली, हे लिहिलेलं असायला हवं. सेंटरवाल्यांच्या बोलण्यात ‘सीआयडी’ हा शब्द ऐकू येईल. ग्राहकाच्या हातून झालेली मोडतोड, असा त्याचा अर्थ. तो शेरा जॉबशीटवर नाही ना, हे काउंटर सोडण्याआधी वाचून घ्या. चुकीचा असेल तर ‘मान्य नाही’ असं त्याच कागदावर लिहून मगच सही करा, आणि तुमचा व्हिडिओ तिथेच दाखवा. आजवर पाहिलेल्या प्रकरणांवरून ठामपणे सांगतो, या एका कागदाअभावी खरी माणसं हरतात. ग्राहक म्हणतो ‘त्यांनी नाकारलं’, कंपनी म्हणते ‘त्यांनी जमाच केला नाही’, आणि दोन्हीला पुरावा नसतो.

त्याच दिवशी कंपनीच्या ग्राहक सेवेला ईमेल करा. फोनवर विसंबू नका. मजकूर एवढा पुरेसा आहे:

“माझ्या लॅपटॉपचा सिरीयल नंबर अमुक आहे. तो मी २६ सप्टेंबरला नवा म्हणून विकत घेतला, बिल आणि बॉक्सवरच्या लेबलचा फोटो सोबत जोडला आहे. जूनमध्ये स्क्रीन बंद पडली, जॉबशीट क्रमांक तमुक. तुमच्या नोंदीत वॉरंटी एप्रिलमध्ये संपल्याचं दिसतं. ती खरेदीच्या तारखेपासून एक वर्ष अशी दुरुस्त करून स्क्रीन विनामूल्य बदलून द्यावी. ते शक्य नसल्यास कारण लेखी कळवावं, आणि तुमच्या नोंदीत वॉरंटी कोणत्या तारखेला व कशामुळे सुरू झाली तेही कळवावं.”

शेवटचं वाक्य गाळू नका. कंपनीने ‘अमुक तारखेला दुसऱ्या ग्राहकाच्या नावावर नोंद आहे’ किंवा ‘हा माल भारतातल्या विक्रीचा नाही’ असं लिहून दिलं, तर तोच कागद विकणाऱ्याविरुद्धचा तुमचा सर्वांत भक्कम पुरावा होतो. आणि त्यांनी तारीख दुरुस्त केली तर प्रकरण तिथेच मिटलं, विकणाऱ्यापर्यंत जायचीही गरज नाही. म्हणूनच कंपनी आधी, विकणारा नंतर, हा क्रम मी सुचवतो. ईमेल २५ सप्टेंबरच्या आत गेलेला असणं महत्त्वाचं आहे. मग पत्रव्यवहारात कितीही वेळ गेला तरी तक्रार मुदतीत केली होती, हे शाबित राहतं.

विकणाऱ्याला पकडायची वेळ आली तर तो वाटतो तितका अदृश्य नाही. बिलावर त्याचा पंधरा अक्षरांचा जीएसटी क्रमांक असतो. त्याचे पहिले दोन अंक राज्य सांगतात, दिल्लीसाठी ०७, हरियाणासाठी ०६, आपल्यासाठी २७. services.gst.gov.in वर करदाता शोधण्याच्या पानावर तो क्रमांक टाकला की कायदेशीर नाव, धंद्याचा मुख्य पत्ता आणि नोंदणी चालू आहे की रद्द झाली, हे सगळं दिसतं. तुमची नोटीस त्या पत्त्यावर स्पीड पोस्टने आणि ॲपच्या संदेशपेटीतूनही पाठवा. सोबत ऑर्डरचं पान, ज्यावर वॉरंटीचा मजकूर आहे, आजच पीडीएफ करून ठेवा. जाहिरातीचं पान विकणारा कधीही बदलू किंवा काढू शकतो.

ॲपचं काय? ते म्हणतात त्यात अर्धं खरं आहे. ज्या ॲपवर दुसरे विक्रेते माल विकतात, ते कायद्याच्या नजरेत मध्यस्थ असतं आणि प्रत्येक बिघडलेल्या वस्तूची भरपाई त्याच्यावर आपोआप येत नाही. पण त्या सात दिवसांचा तुमच्या वॉरंटीशी काहीही संबंध नाही. ती त्यांची बदलून देण्याची स्वतःची सोय आहे. ती संपल्याने कंपनीचं वर्षभराचं वचन संपत नाही आणि विकणाऱ्याची जबाबदारीही संपत नाही. शिवाय ॲपवर स्वतःची काही कर्तव्यं आहेतच. ग्राहकाने लेखी मागितलं तर विकणाऱ्याचा पत्ता आणि संपर्क त्यांना द्यावा लागतो. तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव त्यांना जाहीर करावं लागतं, आणि त्या अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच देऊन एका महिन्यात तक्रार निकाली काढायची असते. तुम्ही आत्तापर्यंत बोललात ते बहुधा चॅटवरच्या माणसाशी. त्याला यातलं काहीच करता येत नाही. ॲपच्या अगदी तळाशी ‘Grievance Officer’ असं बारीक अक्षरांत सापडेल, तिथे लिहा.

पंधरा दिवसांत कुणीच हललं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवा. मोठ्या कंपन्या आणि ॲप तिथल्या तक्रारींना बऱ्यापैकी उत्तर देतात, कारण ती त्यांच्या वरच्या कार्यालयात पोचते. पण हेल्पलाइन निकाल देत नाही, फक्त समेट घडवते. तिथेही नन्नाचा पाढा आला तर जिल्हा ग्राहक आयोग.

आयोगाचं नाव ऐकून बरेच जण मागे सरतात, म्हणून तुमच्या प्रकरणापुरतं सांगतो. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तुम्ही जिथे राहता तिथेच तक्रार करता येते. विकणारा दिल्लीचा असो, ॲपच्या अटींत दुसऱ्या शहरातल्या न्यायालयाचं नाव लिहिलेलं असो, तुमचा अर्ज मुंबई उपनगर जिल्ह्यातच चालेल. त्याचं कार्यालय वांद्रे पूर्वेला आहे, पण अर्ज e-jagriti.gov.in वरून घरबसल्या करता येतो आणि सुनावणी व्हिडिओवर व्हावी अशी विनंतीही करता येते. वस्तूची किंमत पाच लाखांच्या आत असल्याने शुल्क शून्य आहे आणि वकील सक्तीचा नाही. मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षांची.

अर्जात कंपनी, विकणारा आणि ॲप या तिघांनाही सामनेवाले करा आणि तिघांची जबाबदारी ‘एकत्रित आणि स्वतंत्रपणे’ मागा. एकालाच ओढलं तर तो गैरहजर दुसऱ्याकडे बोट दाखवतो. तिघं समोर असले की त्यांचं एकमेकांशी भांडण त्यांनी आयोगापुढे करावं, तुम्ही मध्ये पडायची गरज नाही. दोष कारखान्यातला दिसला तर भार साधारण कंपनीवर जातो, आणि जाहिरात खोटी ठरली तर विकणाऱ्यावर. बिघाड नेमका कशामुळे, यावरच वाद झाला तर आयोग वस्तू प्रयोगशाळेत पाठवू शकतो. सुरुवातीला लॅपटॉप उघडू नका म्हणालो, ते यासाठीसुद्धा. कायद्यात अशा तक्रारीला तीन महिने, आणि तपासणी लागली तर पाच महिने दिलेले आहेत. प्रत्यक्षात त्याहून जास्त लागतात, हे मनात धरूनच अर्ज करा.

मुलाची परीक्षा तोंडावर असेल आणि एवढं थांबणं शक्य नसेल, तर मधला मार्ग आहे. कंपनीचा लेखी नकार हातात पडल्यावर अधिकृत सेंटरमध्येच ११,८०० भरून पॅनेल बदलून घ्या. जॉबशीटवर ‘हरकत नोंदवून पैसे भरत आहे, वॉरंटीचा हक्क सोडलेला नाही’ असं लिहा, पक्कं बिल घ्या आणि जुनं पॅनेल परत मागा. पैसे देऊन केलेल्या दुरुस्तीत ते मागायला काही अडचण नसावी, आणि तपासणीची वेळ आली तर दाखवायला तेच उरेल. मग तुमची मागणी दुरुस्तीची राहत नाही, त्या ११,८०० रुपयांची आणि झालेल्या त्रासाच्या भरपाईची होते.

आणि लॅपटॉप जमा करण्याआधी, टीव्हीला जोडलेला असतानाच, मुलाच्या सगळ्या फायली बाहेरच्या ड्राइव्हवर उतरवून घ्या. आतल्या माहितीची जबाबदारी आमची नाही, हे जॉबशीटच्या अटींत बहुतेक ठिकाणी आधीच छापलेलं असतं.